नदी कॅल्शियम आणते, समुद्र सोडियम साठवतो

एक किलो समुद्राचे पाणी पूर्ण आटवले, तर भांड्याच्या तळाशी सुमारे ३५ ग्रॅम क्षार उरतात. त्यात सर्वांत जास्त क्लोराइड, साधारण १९ ग्रॅम. त्याखालोखाल सोडियम, पावणेअकरा ग्रॅम. या दोघांचे मिळून आपले खाण्याचे मीठ होते. उरलेल्या भागात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम ही मोठी नावे. बाकीची मूलद्रव्ये समुद्रात आहेत, पण अगदी अल्प प्रमाणात.

समुद्रात एकच मीठ नसून अनेक क्षार आहेत, हे उरण, पेण किंवा वसईकडच्या मिठागरांत डोळ्यांना दिसते. वाफ्यांत घेतलेले पाणी उन्हाने आटू लागले की आधी थोडा चुन्यासारखा क्षार तळाला बसतो. पाणी मूळच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास आले की जिप्समचे खडे धरू लागतात. ते दहाव्या हिश्शावर आल्यावर कुठे मीठ पडू लागते. मीठ गोळा केल्यावर जे दाट पाणी उरते त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. त्या पाण्याला कडू चव असते, म्हणून ते वेळीच काढून टाकावे लागते. ते मिठात राहिले तर मीठ कडवट होते आणि हवेतला ओलावा ओढून पाझरते.

हे क्षार आले कुठून, याचे पाठ्यपुस्तकी उत्तर सर्वांना माहीत असते: नद्या ते खडकांतून विरघळवून आणतात, समुद्रातून फक्त पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. ते कुठे अपुरे पडते हे समजायचे तर आधी खडकात काय घडते ते पाहायला हवे.

पावसाचे थेंब पडताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि पाण्यात सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते. मातीत मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनामुळे हा वायू हवेपेक्षा कितीतरी जास्त असतो, त्यामुळे झिरपणारे पाणी आणखी आम्लधर्मी होते. सह्याद्रीच्या बेसाल्टचे उदाहरण घेऊ. या काळ्या खडकात फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजे मुख्य असतात, आणि त्यांच्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व सोडियम बांधलेले असतात. आम्लधर्मी पाणी फेल्डस्पारला भिडले की त्यातले कॅल्शियम आणि सोडियम सुटून पाण्यात येतात, काही सिलिका विरघळते, आणि उरलेल्या भागाची चिकणमाती होते. आम्लातला कार्बन बायकार्बोनेटच्या रूपात पाण्याबरोबर वाहू लागतो. याला रासायनिक विदारण म्हणतात. कोकणात जोरदार पावसाने हजारो-लाखो वर्षे ही क्रिया चालू राहिली, तेव्हा विरघळण्याजोगे जवळजवळ सारे निघून गेले आणि लोह व ॲल्युमिनियम तेवढे मागे राहिले. कोकणातला आणि गोव्यातला जांभा दगड म्हणजे ही शिल्लक. त्यातून जे निघून गेले, ते अरबी समुद्रात पोहोचले. घाटमाथ्याच्या पूर्व उतारावरून सुटलेले क्षार कृष्णा-गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातात.

जगातल्या नद्यांच्या पाण्याची सरासरी काढली, तर एका लिटरमध्ये विरघळलेले पदार्थ साधारण १२० मिलिग्रॅम भरतात. म्हणूनच नदीचे पाणी जिभेला गोडे लागते. या १२० पैकी जवळजवळ निम्मे बायकार्बोनेट असते. कॅल्शियम सुमारे १५ मिलिग्रॅम, क्लोराइड ८, सोडियम ६.३ आणि मॅग्नेशियम ४ मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे नदीत सोडियमच्या दुपटीहून अधिक कॅल्शियम आहे, तर समुद्रात कॅल्शियमच्या सव्वीसपट सोडियम! नदीचे पाणी नुसते आटवत नेले, तर त्यातून समुद्राचे पाणी कधीच तयार होणार नाही. अर्धे उत्तर अपुरे पडते ते इथे.

सोडियमचा हिशेब मांडून पाहिला की पुढचा धागा सापडतो. सगळ्या समुद्रांत मिळून सुमारे १३३ कोटी घन किलोमीटर पाणी आहे, आणि नद्या दरवर्षी त्यात साधारण ३७ हजार घन किलोमीटर पाणी ओततात. म्हणजे समुद्र वर्षभराच्या नदीपाण्याच्या सुमारे ३६ हजारपट आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सोडियम ११,००० मिलिग्रॅम, नदीच्या लिटरमध्ये ६.३, हे प्रमाण साधारण १७५० पट. दोन्ही आकड्यांचा गुणाकार केला की सहा कोटींहून थोडी जास्त वर्षे येतात. समुद्रातले आजचे सगळे सोडियम नद्यांनी याच वेगाने आणायचे म्हटले तर एवढा काळ लागेल.

आयरिश भूवैज्ञानिक जॉन जोली यांनी १८९९ साली याच पद्धतीने पृथ्वीचे वय काढले होते. त्यांचे उत्तर ८ ते ९ कोटी वर्षे आले. किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून आज पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरले आहे. जोलींच्या गणितात चूक नव्हती, गृहीतक चुकले होते. समुद्रात आलेले सोडियम तिथेच साठत राहते असे त्यांनी धरले होते. ते साठत राहिले असते, तर एवढ्या काळात समुद्र आजच्यापेक्षा कितीतरी खारट झाला असता. तसे झालेले नाही, कारण समुद्रातून क्षार बाहेरही पडतात. जोलींच्या हिशेबातून पृथ्वीचे वय मिळत नाही, पण सोडियमचा एक अणू समुद्रात सरासरी किती काळ राहतो हे मात्र मिळते. समुद्राच्या खारटपणातले खरे मर्म या मुक्कामात आहे.

कॅल्शियमचा हाच हिशेब केला तर उत्तर येते अवघे दहा लाख वर्षे. नद्या ते भरपूर आणतात, पण शिंपले, प्रवाळ आणि विशेषतः सूक्ष्म तरंगते जीव ते उचलून आपली कवचे बनवतात. जीव मेले की कवचे तळाला बसतात आणि काळाच्या ओघात त्यांचा चुनखडक होतो. बायकार्बोनेटही याच वाटेने जाते. सोडियमला मात्र असा गिऱ्हाईक नाही. कोणताही जीव त्याचे कवच बांधत नाही, चिकणमातीचे कण त्याला घट्ट धरत नाहीत, आणि त्याचा क्षार इतका विरघळणारा की खुल्या समुद्रात तो खाली बसूच शकत नाही. म्हणून आवक कमी असूनही साठा सोडियमचाच मोठा.

क्लोराइडची गोष्ट वेगळी आहे. खडकांत क्लोरीन फारच थोडे असते. समुद्रातले एवढे क्लोराइड केवळ खडक झिजून आले असे मानता येत नाही. नदीत दिसणाऱ्या क्लोराइडचा मोठा वाटा तर समुद्राचाच असतो: लाटांच्या तुषारांतून हवेत गेलेले मीठ पावसाबरोबर जमिनीवर पडते आणि नदीतून परत येते. मूळ क्लोरीन पृथ्वीच्या पोटातून ज्वालामुखींच्या वायूंबरोबर हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रूपात बाहेर आले, आणि त्याचा बराच भाग पृथ्वीच्या बाल्यावस्थेतच समुद्रात उतरला. तेव्हा मिठातला सोडियम प्रामुख्याने खडकाचा आणि क्लोरीन ज्वालामुखीचा, असे म्हणायला हरकत नाही.

उरतो मॅग्नेशियम. नद्या तो सतत आणतात आणि सजीवांना त्यातला थोडाच लागतो. मग तो जातो कुठे, या प्रश्नाने शास्त्रज्ञांना बराच काळ अडवून ठेवले होते. उत्तराची वाट १९७७ साली मोकळी झाली. गॅलापागोस बेटांजवळ ‘अल्विन’ या पाणबुडीतून गेलेल्या संशोधकांना समुद्रतळाच्या भेगांतून कोमट पाणी वर येताना दिसले. दोन वर्षांनी पूर्व प्रशांत महासागरात ३५० अंश सेल्सियसच्या आसपास तापलेले पाणी काळ्या धुरासारखे फेकणारी धुराडी सापडली. एवढ्या खोलीवरच्या दाबामुळे ते पाणी उकळत नाही.

समुद्रतळावर जिथे नवे कवच तयार होते, तिथे खडकाला भेगा असतात. थंड समुद्रपाणी त्यांतून खाली जाते आणि गरम बेसाल्टजवळ तापते. तापताना त्यातला मॅग्नेशियम चिकणमातीसारख्या खनिजांत अडकून खडकातच राहतो आणि पाणी आम्लधर्मी होते. हे आम्लधर्मी, तप्त पाणी मग खडकातून कॅल्शियम, पोटॅशियम, लिथियम, लोह, मँगनीज, तांबे, जस्त विरघळवून घेते. वर येऊन ते तळाच्या थंड पाण्यात मिसळले की धातूंचे सल्फाइड कण क्षणात वेगळे होतात. काळा धूर दिसतो तो या कणांचा. धुराड्यातून बाहेर येणाऱ्या शुद्ध तप्त पाण्यात मॅग्नेशियम जवळजवळ शून्य असतो, आणि गोळा केलेल्या नमुन्यात बाहेरचे पाणी किती मिसळले हे त्यावरूनच ओळखतात. अरबी समुद्राकडून आग्नेयेला जाणाऱ्या कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरही असे झरे आढळले आहेत.

हे झरे समुद्राला खारट करतात, असे लोकप्रिय लिखाणात सरसकट सांगितले जाते. ते जपून घ्यायला हवे. काही द्रव्ये ते समुद्राला देतात, मॅग्नेशियम काढून घेतात, आणि मिठाच्या एकूण साठ्यात त्यांची भर फारशी नाही. त्यांनी बदलते ती क्षारांची आपसातली वाटणी.

सोडियम आणि क्लोराइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडायला एखादा समुद्र अडकून आटावा लागतो. सुमारे साठ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचा अटलांटिकशी असलेला संबंध जवळजवळ तुटला, आणि त्याच्या तळाशी काही ठिकाणी किलोमीटरहून जाड मिठाचे थर बसले. पाकिस्तानातल्या खेवड्याच्या खाणीतून येणारे सैंधव हेही पन्नास कोटी वर्षांहून जुन्या अशाच एका समुद्राचे मीठ आहे.

समुद्राचे पाणी हजारएक वर्षांत पूर्ण ढवळून निघते आणि सोडियमचा मुक्काम कोट्यवधी वर्षांचा असतो, म्हणून मुख्य क्षारांचे परस्परांशी प्रमाण खुल्या समुद्रात सगळीकडे सारखेच असते. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या मोहिमेत जगभरातून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विल्यम डिटमार यांनी पृथक्करण केले, तेव्हा हे पक्के झाले. बाष्पीभवन जास्त आणि नद्या कमी म्हणून अरबी समुद्राचे पाणी किलोमागे ३६ ग्रॅमच्या आसपास, तर गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पाण्यामुळे बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक पावसाळ्यात ३० ग्रॅमच्याही खाली जाते; तरी सोडियमला क्लोराइडचे प्रमाण दोन्हीकडे तेच. फरक असतो तो फक्त किती पाण्यात ते मिसळले आहे याचा.

काळाच्या मोठ्या पट्ट्यावर मात्र ही वाटणीही हलते. जुन्या मिठाच्या स्फटिकांत त्या काळच्या समुद्रपाण्याचे सूक्ष्म थेंब कोंडलेले असतात. दहा कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनोसॉरच्या काळातल्या थेंबांत मॅग्नेशियम आजच्यापेक्षा कमी आणि कॅल्शियम जास्त आढळते. समुद्रतळाचे नवे कवच तेव्हा अधिक वेगाने तयार होत होते आणि तप्त झरे अधिक जोमात होते, हे त्याचे एक प्रमुख स्पष्टीकरण मानले जाते.