एकट्या टोळाची धाड कशी होते?

मे 2020 मध्ये विदर्भातल्या संत्र्याच्या बागांवर उतरलेला वाळवंटी टोळ एरवी एकलकोंडा असतो. त्याची पिल्लं हिरवट असतात, प्रौढ रात्री उडतात आणि दुसरा टोळ दिसला की दूर सरकतात. हाच प्राणी झुंडीत मात्र दिवसा उडतो आणि त्याची पिल्लं पिवळी-काळी होतात. या दोन वेगळ्या जाती नाहीत, हे बोरिस उवारोव्ह यांनी 1921 मध्ये मांडलं.

हा बदल गर्दीतून होतो. वाळवंटात चांगला पाऊस झाला की टोळ वाढतात. पुढे हिरवळ सुकत जाते आणि उरलेल्या थोड्या झुडपांवर सगळे दाटीवाटीने जमतात. तिथे पायाला पाय घासतात. प्रयोगशाळेत एकट्या टोळाच्या मागच्या मांडीला बारीक कुंचल्याने दर मिनिटाला काही सेकंद स्पर्श केला, तेव्हा चार तासांत तो इतरांकडे ओढला जाऊ लागला. या स्पर्शाने छातीतल्या मज्जागंडांत सेरोटोनिन वाढतं. ते रोखणारं औषध दिलं, तर टोळ एकलकोंडाच राहतो.

वागणं काही तासांत बदलतं. रंग आणि शरीराची ठेवण बदलायला मात्र कात टाकण्याचे टप्पे, कधी पिढ्याही लागतात. गर्दीतली मादी हा कल अंड्यांतून पिल्लांना देते.

म्हणूनच टोळांना रोखायचं तर पिल्लांना पंख फुटण्याआधी, वाळवंटातच रोखावं लागतं.