एकोणचाळीस दिवसांची घाई

2009 मध्ये गोवा विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातल्या एका शिक्षकाविरुद्ध विद्यार्थिनींनी लैंगिक छळाच्या तक्रारी केल्या. तेव्हा आजचा कायदा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली विशाखा खटल्यात घालून दिलेली मार्गदर्शक तत्त्वं होती आणि त्यांच्या आधारे विद्यापीठाची समिती होती. समितीने 39 दिवसांत 18 बैठका घेतल्या, आरोप सिद्ध झाल्याचा अहवाल दिला आणि 2010 मध्ये शिक्षकाची नोकरी गेली. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने ती कारवाई कायम ठेवली. 12 मे 2023 रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली.

कामगार कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य हा निकाल मुळातून वाचावा. शिक्षक निर्दोष आहे, असं न्यायालय कुठेही म्हणालेलं नाही. 5 मे 2009 पर्यंतची चौकशी न्यायालयाला रीतसर वाटली. बिघडलं ते त्यानंतर. समितीने सुनावण्या एकीला लागून एक लावल्या. जबाबांच्या प्रती शिक्षकाला हप्त्याहप्त्याने मिळत होत्या आणि प्रत्येक हप्त्याला उत्तर देण्यासाठी जेमतेम वेळ होता. त्याने प्रकृतीचं कारण देऊन मुदत मागितली, तीही पुरेशी मिळाली नाही आणि शेवटी चौकशी एकतर्फी पुरी झाली. सेवा नियमांत अशी चौकशी ‘शक्य तितकी’ नियमांप्रमाणे करायची, असे शब्द आहेत. ते शब्द म्हणजे बचावाची संधी आखडण्याचा परवाना नव्हे, हे न्यायालयाने बजावलं.

समितीचा हेतू वाईट होता असं मला वाटत नाही. मुलींना लवकर न्याय मिळावा या तळमळीनेच ती धावली आणि त्या धावण्यानेच तिचा अहवाल कोसळला. याची किंमत कोणी मोजली? ज्यांनी एकदा सगळं सांगितलं होतं, त्या तक्रारदारांनी.

2013 चा कायदा, ज्याला आपण पॉश म्हणतो, आणि त्याखालचे नियम या घाईवर उतारा देतात. एक प्रसंग घेऊन पाहू. समजा, पाच दिवसांचा आठवडा असलेला दीडशे माणसांचा एक कारखाना आहे. तिथल्या गुणवत्ता विभागातली एक कर्मचारी आपल्या पर्यवेक्षकाविरुद्ध सोमवारी अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार देते. शेवटची घटना तीन महिन्यांच्या आतली आहे, म्हणून मुदतीचा प्रश्न नाही. तो असता तर समितीला कारणं लिहून आणखी तीन महिन्यांपर्यंत सूट देता आली असती. कारणं लिहूनच, हे महत्त्वाचं.

समितीने कामाच्या सात दिवसांत तक्रारीची प्रत पर्यवेक्षकाला द्यायची. म्हणजे मधे सुट्टी नसेल तर पुढच्या आठवड्यातल्या बुधवारपर्यंत. प्रत मिळाल्यापासून कामाचे दहा दिवस त्याला उत्तरासाठी, म्हणजे आणखी दोन आठवडे. पहिला साक्षीदार समोर येण्याआधीच 23 दिवस गेले. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. तक्रारीपासून मोजलं तर हातात 67 उरतात आणि तेवढे पुरतात. गोव्यातल्या समितीची सगळी चौकशी 39 दिवसांत उरकली होती.

पण ती कर्मचारी रोज त्याच पर्यवेक्षकाच्या हाताखाली उभी असेल तर 67 दिवस तिला वर्षासारखे वाटतील. समितीला घाई सुटते ती इथे. तिने घाई करू नये म्हणूनच कायद्याने अंतरिम दिलासा ठेवला आहे. कर्मचारीने लेखी विनंती केली की समिती दोघांपैकी एकाची बदली सुचवू शकते, तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा देऊ शकते, तिचा गोपनीय अहवाल त्या पर्यवेक्षकाने लिहू नये असंही सांगू शकते. शिफारस आली की मालकाला ती अमलात आणावीच लागते आणि तसं समितीला कळवावं लागतं. ‘चौकशी संपू दे, मग बघू’ असं म्हणणारा व्यवस्थापक कायदा मोडत असतो आणि समितीला नकळत त्याच घाईच्या वाटेवर ढकलत असतो.

सुनावणीच्या खोलीत चौकशी उभी राहते ती रोजनाम्यावर. कोण हजर, कोण गैरहजर, कुठला कागद कोणाला दिला, त्याने सही केली का, मुदत मागितली का, दिली किंवा नाकारली तर का, हे त्याच दिवशी लिहायचं आणि सर्वांच्या सह्या घ्यायच्या. सुनावणीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हवेत. वकील आणता येत नाही. उलटतपासणीत पर्यवेक्षकाने तिच्यावर समोरासमोर प्रश्नांचा मारा करावा, असं नाही. तो प्रश्न लिहून देतो, समिती ते वाचते आणि चारित्र्यावर चिखल उडवणारे वगळून बाकीचे तिला विचारते. प्रश्न वगळला तर तोही कारणासह रोजनाम्यात. या एका ओळीवर पुढे अपील तरतं किंवा बुडतं.

पर्यवेक्षक येतच नसेल तर? सबळ कारणाशिवाय लागोपाठ तीन सुनावण्यांना तो गैरहजर राहिला, तर समितीला एकतर्फी निर्णय देता येतो. पण आधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. ही नोटीस विसरणं ही अगदी नेहमीची चूक आहे. समितीला वाटतं, माणूस मुद्दाम टाळतोय हे तर उघडच आहे. तो टाळत असेलही, पण फाइलमध्ये नोटीस नसेल तर न्यायालयात त्याचंच पारडं जड होतं.

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल मालकाकडे जातो आणि दोन्ही बाजूंना मिळतो. मालकाने 60 दिवसांत त्यावर कारवाई करायची. इथे दुसरा खड्डा आहे. काही ठिकाणी व्यवस्थापन अहवाल हाती आल्यावर नवं आरोपपत्र काढतं, वेगळा चौकशी अधिकारी नेमतं आणि तक्रारदाराला पुन्हा साक्षीला बोलावतं. मेधा कोतवाल लेले खटल्यात 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईतला चौकशी अहवाल. मालकाचं काम उरतं ते म्हणणं मांडण्याची संधी देऊन शिक्षा ठरवण्याचं. तक्रार सिद्ध झाली नाही म्हणून ती खोटी ठरत नाही, हेही कायद्यातच लिहिलेलं आहे. खोटेपणासाठी दुष्ट हेतू वेगळ्या चौकशीत सिद्ध व्हावा लागतो.

मालकाची खरी कसोटी मात्र तक्रार येण्याच्या कितीतरी आधी लागते. दहा किंवा अधिक माणसं कामाला असली की समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची महिला, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि बाहेरची एक व्यक्ती. समिती नेमलीच नाही तर 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण नावं फलकावर लावून मालक मोकळा होत नाही. सदस्यांना प्रशिक्षण देणं, सुनावणीसाठी जागा आणि सोयी पुरवणं, साक्षीदारांना हजर करणं, मागितलेले कागद देणं ही कर्तव्यंही त्याच कायद्यात आहेत. साक्षीदाराला पाळीतून सोडलं नाही म्हणून सुनावणी पुढे गेली, तर वाया गेलेला तो दिवस समितीच्या 67 दिवसांतून वजा होतो आणि शेवटच्या आठवड्यात सगळं उरकण्याची वेळ येते.

2023 च्या निकालात न्यायालयाने देशभरातल्या सरकारी कार्यालयांत, विद्यापीठांत, व्यावसायिक संस्थांत समित्या नेमल्या आहेत का, हे तपासायला सांगितलं आणि सदस्यांच्या प्रशिक्षणाचे आदेश दिले. गोव्याचं प्रकरण समितीकडे परत गेलं. चौकशी 5 मे 2009 रोजी जिथे होती तिथून पुढे सुरू करायची आणि तीन महिन्यांत संपवायची होती. तक्रार केली तेव्हा त्या मुली विद्यापीठात शिकत होत्या. मधे चौदा वर्षं गेली होती.