हस्त कोरडा गेल्यावर पाटील काय बोलला

इंदापूर परगण्याचा दुष्काळ आषाढात कळत नसे. शेळगाव, अंथुर्णे, लासुर्णे, निमगाव केतकी हा सगळा पट्टा निरेच्या डाव्या कालव्याचे पाणी येण्याआधी रब्बीचा होता. काळ्या रानात ज्वारी पेरायची ती उत्तरा आणि हस्ताच्या पावसावर. श्रावण कोरडा गेला तरी शेतकरी धीर धरून असे, पण हस्तही कोरडा गेला की त्या वर्षाचा निकाल लागला. मग गावचा पाटील कुलकर्ण्याला बरोबर घेऊन परगण्याच्या कचेरीची वाट धरी. कचेरीत तो जे बोले, त्यावर गाव राहणार की उठणार हे ठरत असे.

हे बोलणे कोणी स्वतंत्रपणे लिहून ठेवले नाही. ते सापडते सरकारी हुकमाच्या पोटात. पेशवाईतील आज्ञापत्रे वाचली की त्यांचा साचा लक्षात येतो. आधी अमुक मौजेच्या मोकदमाने येऊन काय विदित केले ते येते, मग त्यावर सरकारने काय ठरवले ते येते. म्हणजे पाटलाचा शब्द आपल्यापर्यंत कारकुनाच्या मोडी अक्षरातून पोचतो. त्या साच्यावरून शेळगावासारख्या गावच्या पाटलाचे बोलणे मी इथे जुळवले आहे. ते कोणा एका पाटलाचे नाही, पण त्यातले प्रत्येक कलम अशा कागदांत पुन्हा पुन्हा येते.

“रावसाहेब, गावावर पर्जन्य पडला नाही. खरीप वाळले, हस्त गेला, काळीत पाभर घातली नाही. वैरण सरली. निम्मी गुरे मेली, उरली ती लोक घाटाकडे घेऊन गेले. उपरी कुळे उठून गेली, मिरासदार तेवढे घर धरून आहेत. ऐशात सरकारचा तगादा बसला तर तेही परागंदा होतील. गाव ओस पडला तर पुढल्या साली पाऊस पडूनही सरकारास काय पावेल? साहेबी मेहरबान होऊन चालू सालचा ऐवज सूट द्यावा, मागील बाकी तहकूब करावी, बैलांस आणि बियाण्यास तगाई द्यावी, आणि इस्ताव्याचा कौल द्यावा. म्हणजे गेली रयत आणून लावणी करू.”

वरवर पाहता ही याचना आहे. नीट वाचली तर यात सौदा आहे. त्या काळी दख्खनेत जमीन उदंड होती, कसणारे हात आणि ओढणारे बैल तोकडे होते. इथल्या भारी काळ्या मातीत मोठा नांगर ओढायला सहा-आठ बैल लागत. ते एका घरी नसत, म्हणून चार-पाच शेतकरी एकत्र येऊन नांगरट करत. त्यातले दोघे जरी बैलांसह शेजारच्या अंमलात निघून गेले, तरी उरलेल्यांचा नांगर थांबे. ‘रयत परागंदा होईल’ हे पाटलाचे खरे बळ होते आणि ते कमाविसदारालाही ठाऊक होते.

त्याच्या मागण्यांत सर्वांत महत्त्वाचा भेद सूट आणि तहकुबीचा. समजा, गावाचा आकार हजार रुपये आहे आणि पीक चार आणेच आले. सातशे रुपये सूट मिळाली तर तीनशे भरून गाव मोकळा होतो. तेच सातशे तहकूब झाले तर पुढल्या साली सतराशेंचा बोजा उभा राहतो. पाऊस चांगला झाला, तरी त्या साली हातात आलेले धान्य मागच्या बाकीतच जाते आणि गाव सावकाराच्या दारी जातो. म्हणून जाणता पाटील चालू सालासाठी सूट मागे आणि तहकुबी फक्त जुन्या बाकीपुरती मान्य करी.

कचेरी शब्दावर विसंबत नसे. पाहणीला कारकून गावात येई, शेतोशेत फिरून पीक पाही, कुलकर्ण्याचे लावणीचे कागद तपासी, परगण्याच्या देशमुख-देशपांड्यांना विचारी आणि शेजारगावांशी ताळा घाली. एकाच शिवेच्या अलीकडे पीक बुडाले आणि पलीकडे उभे आहे, असे आढळले की पाटलाची बाजू लंगडी पडे. पण पाहणीलाही मर्यादा होती. कारकुनाला गावात राहायचे ते पाटलाच्याच आश्रयाने. लावलेली जमीन पडीत दाखवणे, चांगल्या रानाचा आकार हलक्या रानाएवढा मांडणे हे प्रकार होत, आणि त्यांचा फायदा बहुधा पाटील-कुलकर्ण्यांच्या घरालाच होई.

इस्ताव्याची मागणी सगळ्यांत दूरदृष्टीची. त्यात पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग दरवर्षी पायरीपायरीने वाढ आणि ठरलेल्या मुदतीअखेर पूर्ण धारा. या मुलखाला त्याचा अनुभव जुना होता. १६३० च्या दुष्काळाने दख्खन आणि गुजरात मोडून पडले. त्याच दुष्काळात देहूला तुकोबांच्या घरी मृत्यू शिरला. बऱ्हाणपुरास तळ देऊन बसलेल्या शहाजहानाने सत्तर लाख रुपये माफ केल्याची नोंद लाहोरीच्या बादशहानाम्यात आहे. मात्र एका सालची माफी उठलेले गाव परत आणत नाही. पुणे, सुपे, इंदापूर हा शहाजीराजांच्या जहागिरीचा मुलूख. तिथे पुढे दादोजी कोंडदेवांनी कौल देऊन, सारा चढत्या पायऱ्यांनी लावून मलिक अंबरच्या धाऱ्यापर्यंत नेला. उजाड पुणे पुन्हा वसले ते या सबुरीने. होळकरांची १८०२ ची स्वारी आणि लगोलगचा दुष्काळ यांनी इंदापूर परगणा पुन्हा ओस पडला, तेव्हाही, १८०७ च्या सुमारास, मल्हार मुकुंद पुरंदरे यांच्या कमाविशीत इस्ताव्याचीच वाट धरावी लागली.

पाटलाच्या बोलण्याला राज्यकर्त्याने द्यायचे सर्वांत नेमके उत्तर मात्र कोकणातल्या सुभेदाराला गेलेल्या पत्रात आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी शिवाजी महाराजांनी प्रभावळीच्या रामाजी अनंतांना लिहिले, त्याचा आशय असा: गावोगाव फिरून कुणबी गोळा करा. ज्याच्यात कष्टाचे बळ आहे पण बैल नाही, त्याला बैलासाठी पैका द्या, पोटाला खंडी-दोन खंडी धान्य द्या. वसूल करताना वाढीदिढी न घेता मुद्दलच हळूहळू घ्या. दोन लाख लारींपर्यंत खर्च झाला तरी चालेल, अशी तयारी त्यात आहे. इथे सरकार पाटलाच्या येण्याची वाट पाहत बसत नाही, स्वतःच कुणब्याच्या दारी जाते.

हा फरक मोठा आहे, कारण पाटलाच्या तोंडून सगळा गाव बोलत नव्हता. सूट मिळे ती गावाच्या एकंदर आकाराला. ती घरोघर वाटताना मिरासदाराची बाजू भक्कम, कारण त्याचा हक्क वंशपरंपरेचा. उपरी कूळ तर आधीच निघून गेलेले असे. पीकच नसल्याने बलुतेदारांचे बलुते बुडे, आणि त्याची भरपाई कोणत्याही कौलात नसे. पाटलाचे वतन गावाच्या वस्तीवर उभे होते, म्हणून तो गाव वाचवायला धडपडे, पण गावातला सर्वांत गरीब माणूस त्या धडपडीत अखेरचा होता. पाटलाला केवळ दयाळू रक्षक मानणे चूक आहे आणि केवळ लबाड मध्यस्थ मानणेही चूक आहे.

पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल आहेत. पण गावाच्या बाजूचे कागद, म्हणजे लावणीचे तपशील, कौलाच्या नकला, हप्तेबंदीच्या याद्या, हे पुष्कळदा पाटील-कुलकर्ण्यांच्या माळ्यावर राहिले. बारामती-इंदापूरच्या वाचकांपैकी कोणाच्या घरी मोडीचे असे बस्तान असेल, तर ते रद्दीत घालू नका, वाळवीला देऊ नका. मोडी जाणणाऱ्याला दाखवा, छायाचित्रे काढू द्या. सरकारचा निकाल दफ्तरात जपला गेला आहे. गावाने काय मागितले होते, हे तुमच्या माळ्यावरच्या कागदांतून कळू शकते.