नवरदेवाचे तीन मिनिटांचे भाषण

लग्नाच्या रिसेप्शनमध्ये नवरदेवाने माइक हातात घेऊन दोन्ही घरांचे आणि पत्नीचे आभार मानायचे, ही चाल मुळात इंग्लंडातली. तिथे हे भाषण म्हणजे एक उत्तर असते. पाहुणे टेबलांवर जेवायला बसलेले असताना आधी वधूचे वडील बोलतात, जावयाला घरात सामावून घेतल्याचे सांगतात आणि जोडप्याच्या नावाने पेला उंचावायला लावतात. त्यावर नवरदेव उठतो, सासऱ्यांचे, स्वतःच्या आईवडिलांचे, पाहुण्यांचे आणि पत्नीचे आभार मानतो आणि शेवटी करवल्यांच्या नावाने पेला उचलतो. त्याच्यामागून बोलतो तो त्याचा बेस्ट मॅन. ‘माझ्या पत्नीच्या आणि माझ्या वतीने’ हे शब्द नवरदेवाच्या तोंडून पहिल्यांदा निघाले की टाळ्या ठरलेल्याच. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांतही घरातली एखादी जाणती व्यक्ती टोस्ट देते आणि नवरदेव त्याला उत्तर देतो.

महाराष्ट्रातल्या रिसेप्शनची रचना मात्र निराळी आहे. जोडपे स्टेजवर उभे असते, समोर भेटायला रांग लागलेली असते, एक कुटुंब फोटो काढून उतरते तोवर दुसरे चढते. सात ते दहाच्या वेळेत पाहुणे येत-जात राहतात. सगळे एकत्र बसून ऐकत आहेत असा क्षण आपोआप येत नाही, तो काढावा लागतो. रांग सुरू होण्याआधीची पाच मिनिटे त्यासाठी सर्वांत बरी. तेव्हा हॉल अर्धाच भरलेला असतो, पण ज्यांचे आभार मानायचे ती घरची माणसे हजर असतात. नऊनंतर बोलायला गेले तर निम्मे पाहुणे जेवणाच्या काउंटरपाशी असतात आणि व्याही कुठे आहेत ते शोधण्यातच वेळ जातो.

कोणाचे नाव आधी घ्यायचे, हा मानपानाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर यजमान कोण यावर ठरते. इंग्लंडातल्या जुन्या रिवाजात यजमान वधूचे वडील, म्हणून नवरदेव पाहुण्याच्या भूमिकेतून बोलतो. आपल्याकडे लग्न मुलीकडच्यांनी आणि रिसेप्शन मुलाकडच्यांनी, अशी वाटणी अनेक घरांत असते. अशा वेळी रिसेप्शनला नवरदेव यजमान घरातला असतो. त्याने आधी व्याह्यांकडे वळावे, कारण आज ते पाहुणे आहेत. आपल्या घरच्यांचे नंतर, आणि थोडक्यात. दोन्ही घरांनी मिळून एकच समारंभ केला असेल तर सुरुवात दोन्हीकडच्या आजी-आजोबांपासून करणे सोयीचे, म्हणजे आधी कोण हा वादच उरत नाही.

समजा मुलगी साताऱ्याची, मुलगा पुण्याचा. लग्न साताऱ्यात झाले आणि दोन दिवसांनी पुण्यात रिसेप्शन आहे. सावकाश बोलले तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे तीन मिनिटांत साडेतीनशेच्या आसपास. त्याचा गाभा असा असू शकतो:

‘नमस्कार. सातची वेळ देऊन आम्ही साडेसातला उभे राहिलो, तरी तुम्ही थांबलात. परवा साताऱ्याला आमची बस दोन तास उशिरा पोचली, तेव्हा हिच्या बाबांनी पोहे दुसऱ्यांदा टाकायला लावले, कुणालाही गार खाऊ दिले नाहीत. मावशींनी केलेलं रुखवत आमच्याकडच्या बायका अजून फोनवर एकमेकींना दाखवतायत. आज तुम्ही आमच्या घरी आहात, सावकाश जेवा. आई, गेले दोन महिने फ्रिजवर तुझ्या याद्याच याद्या आहेत. बाबा, पत्रिका पोस्टाने पाठवायच्या नाहीत म्हणून तुम्ही दारोदार फिरलात. आणि तू, दोन दिवसांत आमच्याकडची चाळीस माणसं ओळखायला शिकलीस. काकांना दोनदा मामा म्हणालीस खरी, पण त्यांनी दोन्ही वेळा ओ दिली.’

हे पाऊण मिनिटाचे झाले. उरलेला वेळ हशा, टाळ्या आणि थांबण्यात जातो, शिवाय एखाद्या वाक्याला जागा राहते. यात ‘मनःपूर्वक आभार’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत. घरच्या माणसाला आभार म्हटले की मराठीत ते परकेपणाचे वाटते. ते सत्काराच्या सभेत शोभतात. त्याऐवजी त्या माणसाने काय केले ते सांगितले की आभार आपोआप पोचतात. दुसऱ्यांदा टाकलेले पोहे सासऱ्यांना आठवतात, ‘अमूल्य सहकार्य’ कुणालाच आठवत नाही.

काही शब्द मात्र जपून वापरायचे. ‘तुम्ही तुमची मुलगी आम्हाला दिलीत’ हे वाक्य वर्षानुवर्षे बोलले गेले आहे, पण समोर नोकरी करणारी, स्वतः होकार दिलेली मुलगी उभी असते आणि तिच्या मैत्रिणींच्या भुवया उंचावतात. नुसते ‘आई-बाबा’ म्हटले की कोणाचे, हा घोळ होतो. म्हणून पहिल्यांदा ‘हिचे आई-बाबा’ असा उल्लेख करावा. पत्नीचे नाव घ्यायचे असेल तर ते कोणते, हेही आधी ठरलेले बरे. काही घरांत लग्नात तांदळावर अंगठीने नवे नाव लिहितात. ते तिला आवडले असेल तरी माइकवर तिच्या माहेरच्यांना ओळखीचे असलेले नाव घ्यावे, नाहीतर मागच्या रांगेत ‘ही कोण?’ अशी कुजबुज सुरू होते. जोडीदाराचे नाव चारचौघांत घेण्यासाठी आपल्याकडे उखाणा आहेच. भाषणाच्या शेवटी दोन ओळींचा उखाणा घेतला तर आजीच्या पिढीला ते भाषण आपले वाटते. मात्र पाठ नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

पत्नीबद्दलचे वाक्य भाषणात सर्वांत अवघड. तिथे बहुतेकांची गाडी ‘सुंदर, समंजस, प्रेमळ’ या विशेषणांवर जाते, आणि ही विशेषणे कोणत्याही वधूला लागू पडतात. काका-मामाची गोष्ट फक्त तिची आहे. पण गंमत तिच्यावर आहे, म्हणून ती आधी तिला ऐकवायची. तिचा चेहरा जरा जरी पडला तरी ती काढून टाकायची.

सर्वांत जास्त बिघडते ते नावांच्या यादीमुळे. एका मामाचे नाव घेतले की बाकीच्या मामांचे राहते, आणि राहिलेला मामा ते वर्षभर विसरत नाही. त्यामुळे नावे घ्यायचीच तर ज्यांनी ठळक काम केले त्यांचीच, त्या कामासकट. बाकीच्यांना ‘दोन्हीकडचे मामा, काका, आत्या’ असे एकत्र म्हणावे. मित्रांपुरत्या हॉस्टेलच्या आठवणीही इथे चालत नाहीत. एका टेबलावर हशा होतो, बाकी हॉल गप्प राहतो.

उरते ते माइकचे. तो हनुवटीजवळ, तोंडापासून चार बोटांवर धरायचा आणि स्पीकरच्या पुढे जायचे नाही, नाहीतर शिट्टी वाजते. सनईची रेकॉर्ड बंद करायला एका भावाला आधीच सांगून ठेवावे. मुद्दे मोबाइलवर न ठेवता पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. मोबाइलचा पडदा मध्येच काळा होतो आणि त्याच क्षणी कुणाचा तरी अभिनंदनाचा फोन येतो. शेरवानीला खिसा नसेल तर तो कागद करवलीकडे द्यावा.

इंग्लंडातल्या जुन्या रिवाजात वधू बोलत नसे. आता पुष्कळ जणी बोलतात. आपल्याकडे नवरदेवाचे संपले की सूत्रसंचालक माइक सरळ तिच्यापुढे धरतो, आणि तयारी नसलेली मुलगी ‘मलाही तेच म्हणायचं आहे’ एवढेच म्हणते. तिला बोलायचे आहे का, हे आदल्या दिवशी विचारून सूत्रसंचालकाला कळवले की पुढे रांग सोडायला काहीच अडत नाही.