सहीआधी वाचायची तीन कलमं

नोकरीच्या करारात सगळ्यात भीतिदायक भाषा असते ती 'स्पर्धक कंपनीत जाणार नाही' या कलमाची. नोकरी सोडल्यावर वर्षभर, कधी दोन वर्षं, त्याच क्षेत्रात काम करायचं नाही, असं त्यात दरडावलेलं असतं. पण कायद्यापुढे हेच कलम सगळ्यात लटकं ठरतं. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार कुणाला कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. त्यामुळे नोकरी संपल्यानंतरची अशी बंदी आपल्याकडची न्यायालयं सहसा मानत नाहीत.

नोकरी चालू असतानाची बंदी मात्र वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधल्या एका कर्मचाऱ्याने 1963 मध्ये पाच वर्षांचा करार केला होता. मुदत संपण्याआधीच तो कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्याकडे गेला. करारात राहिलेल्या मुदतीत त्याने तिथे तेच काम करू नये, हा मनाई हुकूम सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये कायम ठेवला. म्हणून या कलमात आधी एकच गोष्ट शोधावी: बंदी नोकरीच्या मुदतीतली आहे की नंतरची? कंपनीची गुपितं, ग्राहकांच्या याद्या, सोर्स कोड बरोबर न नेण्याची अट मात्र नोकरी सुटल्यावरही लागू राहू शकते.

खिशाला हात घालतात ती पुढची दोन कलमं, आणि नेमकी तीच आपण भराभर उलटतो.

बॉण्ड म्हणजे ठरावीक काळाआधी सोडल्यास ठरावीक रक्कम भरण्याचं वचन. 'बॉण्ड कोर्टात टिकतच नाही' असं कॅन्टीनमध्ये छातीठोकपणे सांगितलं जातं. त्यावर विसंबू नये. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्याने तीन वर्षं नोकरी करण्याचा, नाहीतर दोन लाख रुपये भरण्याचा बॉण्ड दिला होता. 2007 मध्ये रुजू झालेला हा अधिकारी 2009 मध्ये दुसऱ्या बँकेत गेला. पैसे त्याने निषेध नोंदवून भरले आणि परत मिळावेत म्हणून याचिका केली. उच्च न्यायालयात तो जिंकला, पण मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल बँकेच्या बाजूने फिरवला. या अटीने त्याला दुसरीकडे जाण्यापासून अडवलेलं नाही, सार्वजनिक बँकेला पुन्हा भरती करायला वेळ आणि पैसा लागतो, आणि त्याच्या पदाच्या व पगाराच्या मानाने दोन लाख अवाजवी नाहीत, असं न्यायालय म्हणालं.

याचा अर्थ प्रत्येक खासगी कंपनीचा बॉण्ड जसाच्या तसा वसूल होतो, असा नाही. करार कायद्याच्या कलम 74 प्रमाणे लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. त्याच्या आत न्यायालय वाजवी भरपाई ठरवतं. प्रशिक्षण म्हणून दोन दिवस जुन्या स्लाइड दाखवल्या आणि पाच लाख मागितले, तर खर्चाचा हिशेब कंपनीला अडचणीचा जाईल. तुम्हाला जबरदस्तीने नोकरीत ठेवण्याचा हुकूम तर कुठलंच न्यायालय देत नाही. पण दावा लढायलाही पैसे लागतातच.

म्हणून आकड्यापेक्षा तो कमी कसा होतो, ते वाचा. समजा, एका तरुणीचा बॉण्ड दोन वर्षांचा, रक्कम दोन लाख. दीड वर्षाने तिने नोकरी सोडली. 'उरलेल्या काळाच्या प्रमाणात' असे शब्द असतील तर तिच्याकडून मागणी होईल 50,000 रुपयांची. ते नसतील तर पूर्ण दोन लाखांची. मुदत रुजू झाल्यापासून मोजायची की प्रशिक्षण संपल्यापासून, हेही बघावं. मूळ प्रमाणपत्रं किंवा कोरे सही केलेले चेक मागितले तर सरळ नकार द्यावा.

आता नोटीस पिरियड. याच मुलीचा ग्रॉस पगार महिना 50,000, त्यात बेसिक 25,000. करारात 90 दिवसांची नोटीस आहे आणि नवी कंपनी 30 दिवसांत बोलावते आहे. कमी पडले दोन महिने. भरपाई बेसिकवर असेल तर 50,000, ग्रॉसवर असेल तर एक लाख. पण पैसे भरून सुटण्याची मुभा 'कंपनीच्या मर्जीनुसार' असेल, तर पैसे तयार ठेवूनही रिलीव्हिंग लेटर अडकू शकतं. कित्येक करारांत कंपनी मात्र 30 दिवसांच्या नोटिशीवर काढून टाकू शकते. हा एकतर्फीपणा बोलून दाखवायला हरकत नाही, फ्रेशरनेही.

एक खोच अशी की ऑफर लेटरमध्ये यातलं काहीच नसतं. पूर्ण करार समोर येतो रुजू होण्याच्या दिवशी, जुन्या नोकरीचा राजीनामा देऊन झाल्यावर. त्यामुळे राजीनामा देण्याआधीच एचआरकडे करार आणि बॉण्ड यांचा मसुदा मागा, तोही ईमेलवर. तोंडी मिळालेलं 'एवढं कोणी मागत नाही हो' हे आश्वासनही ईमेलवर लिहून घ्या. लिहून द्यायला एचआर तयार नसेल, तर ते पैसे एक दिवस मागितले जातील असंच धरून चाला.