चाळीस टिप्पण्यांखाली हरवलेला एक प्रश्न

पुल रिक्वेस्ट म्हणजे 'माझा हा बदल मूळ प्रकल्पात घ्या' अशी प्रोग्रामरने सहकाऱ्यांना केलेली विनंती. बदल तपासायला आमच्याकडे चार स्वयंचलित चाचण्या होत्या. प्रत्येक चाचणी सुरू होताना आणि संपताना बॉट एकेक टिप्पणी लिही. म्हणजे एका दुरुस्तीमागे आठ टिप्पण्या. पाच दुरुस्त्या झाल्या की चाळीस. त्या चाळिसांमध्ये एका सहकाऱ्याचा प्रश्न होता : 'विनंती दोनदा आली, तर पैसेही दोनदा परत जातील का?' मी तो वाचलाच नाही. बदल स्वीकारला आणि दुसऱ्या दिवशी काही ग्राहकांना खरोखरच दुप्पट पैसे गेले. तो बॉट मीच लिहिला होता.

मग मी एक नियम केला : एका विनंतीवर बॉटची टिप्पणी एकच. गिटहबवर टिप्पणीत एचटीएमएलची छुपी खूण ठेवता येते. वाचणाऱ्याला ती दिसत नाही. बॉट आधी ती खूण शोधतो. सापडली तर तीच टिप्पणी बदलतो, नाहीतर नवी लिहितो. नव्या टिप्पणीची सूचना सगळ्यांना जाते, जुनीतल्या बदलाची जात नाही. त्यामुळे गोंगाट थांबतो.

मजकूरही बदलला. पूर्वी पास झालेल्या चाचण्यांची लांबलचक यादी असे. आता पहिल्या ओळीत निकाल आणि खाली फक्त जे चुकले ते :

```
<!-- pr-status -->
**थांबा: 1 चाचणी नापास** (commit 3fa92c1)
- test_refund_rounding: अपेक्षित 10.50, मिळाले 10.05
```

सगळे ठीक असेल तर एकच ओळ.

पण एकाच टिप्पणीचा एक धोका आहे, तो मला नंतर कळला. मी एक दुरुस्ती पाठवली आणि लगेच दुसरी. दुसरीच्या चाचण्या लवकर संपल्या आणि बॉटने 'नापास' लिहिले. पहिलीच्या रेंगाळल्या, त्या संपल्यावर बॉटने त्याच जागी 'पास' लिहिले. शिळ्या निकालाने ताजा निकाल पुसला. वेगवेगळ्या टिप्पण्या असत्या, तर निदान दोन्ही दिसल्या असत्या.

म्हणून आता लिहिण्यापूर्वी बॉट पाहतो, की आपण तपासलेली कमिट अजूनही विनंतीतली शेवटचीच आहे का. नसेल तर गप्प बसतो. तरीही पाहणे आणि लिहिणे यांत क्षणाची फट उरतेच. त्यासाठी पहिल्या ओळीत कमिटची सात अक्षरे आहेत. ती शेवटच्या कमिटशी जुळली नाहीत, तर निकाल शिळा समजायचा.

आणखी एक मर्यादा : बदललेली टिप्पणी कोणाला हाक मारत नाही. म्हणून 'थांबा' हे टिप्पणीवर सोडायचे नाही. चाचणी नापास असताना बदल स्वीकारताच येऊ नये, असे कुलूप प्रकल्पाच्या नियमांतच घालायचे. टिप्पणीने फक्त कारण सांगावे आणि माणसांच्या प्रश्नांना जागा सोडावी.