केशकर्तनालयाचा दर्शनी भाग

कापडाच्या दुकानात शिरलेल्या माणसाला चार ठाण उलगडून पाहून, ‘पुन्हा येतो’ असे म्हणून बाहेर पडता येते. केशकर्तनालयाची गोष्ट निराळी आहे. तेथे एकदा खुर्चीवर बसले आणि गळ्याभोवती कापड बांधले गेले, की मग भाव विचारून उठून जाण्याचे धैर्य फार थोड्यांच्या अंगी असते. त्यामुळे नवखा माणूस आपला निर्णय आत शिरल्यावर करीत नाही. तो उंबरठ्याच्या अलीकडेच करतो. चालता चालता त्याच्या मनात तीन शंका उभ्या राहतात. हे दुकान कशाचे आहे? येथे आपल्यासारखी माणसे येतात काय? आणि खर्च किती येईल? या तिन्ही शंका बाहेरच्या बाहेर फिटल्या, तर पाऊल आत वळते. एक जरी उरली, तरी ते पुढे जाते. दर्शनी भागाची मांडणी म्हणजे या तीन प्रश्नांना दिलेली उत्तरे होत, आणि त्याच दृष्टीने आपण तिचा विचार करू.

विवेचन नेमके व्हावे म्हणून एक उदाहरण समोर ठेवू. इंदूरसारख्या शहरातील एका जुन्या पेठेत, पश्चिमेकडे तोंड असलेले, दहा फूट रुंदीचे एक दुकान आहे अशी कल्पना करा. समोरचा रस्ता वीस फुटांचा. पलीकडच्या दुकानाच्या पायरीपासून आपली पाटी सुमारे तीस फुटांवर. दुकानावर दहा फूट लांबीचा एक चकचकीत फलक आहे. त्यावर दुकानाचे नाव, एका नटाचे छायाचित्र, ‘वातानुकूलित’ हा शब्द, दोन दूरध्वनी क्रमांक आणि दहाबारा सेवांची यादी आहे. खाली काच आहे. तिच्यावर परदेशी तरुणतरुणींची मोठी चित्रे डकविलेली आहेत. कारागीर हाताचे चांगले आहेत, नेहमीची गिऱ्हाइके टिकून आहेत. पण नवे माणूस आत येत नाही. दुकानाचे भाडे मात्र दरवर्षी वाढते आहे. दोष कोठे असावा?

प्रथम पाटी पाहू. सहज वाचता येण्यासाठी अक्षराच्या दर एक इंच उंचीमागे दहा फूट अंतर धरावे, असा पाटी रंगविणाऱ्यांचा ठोकताळा आहे. तीस फुटांवरून वाचावयाचे, तर तीन इंचांचे अक्षर हवे. मात्र हा ठोकताळा रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांवरून बसविलेला आहे. देवनागरीत अक्षराचा मुख्य देह शिरोरेषेखाली असतो. वेलांट्या आणि मात्रा तिच्या वर जातात, उकार खाली लोंबतात. म्हणून तीन इंच हे माप त्या देहाचे धरावे, आणि संपूर्ण ओळीला जवळजवळ सहा इंच जागा सोडावी. तेवढे केले की दीड फूट उंचीच्या फलकावर दोन ओळी सुखाने बसतात. आपल्या दुकानाचा फलक याहून पुष्कळ मोठा आहे. तरी तो वाचला जात नाही. कारण त्यावर जागा कमी नाही, मजकूर जास्त आहे. शिवाय दुकानाच्या नावाची अक्षरे मोठी आणि धंद्याचे नाव कोपऱ्यात बारीक, अशी उलटी व्यवस्था केलेली आहे. ‘नवरंग’ हे नाव पाहून आत साड्या मिळतात, रंग मिळतात की केस कापले जातात, हे वाटसरूने कसे ओळखावे? नव्या माणसाला आधी धंदा कळला पाहिजे. मालकाने हौसेने ठेवलेले नाव त्याला नंतर कळले तरी चालते.

पण पाटीचा खरा दोष याहून खोल आहे. पायी जाणारा मनुष्य दुकानाकडे तोंड करून चालत नसतो. तो दुकानाच्या कडेकडेने जात असतो. भिंतीला समांतर लावलेला फलक त्याला इतका तिरका दिसतो, की अक्षरे एकमेकांत दबून जातात. तो फलक सरळ दिसतो केवळ ऐन समोर आल्यावर. साधारण चालीने मनुष्य सेकंदाला चार फूट जातो, म्हणजे दहा फुटांचे हे दुकान तो अडीच सेकंदांत मागे टाकतो. एवढ्या अवधीत वाचणे, विचार करणे आणि वळणे ही तिन्ही कामे होत नाहीत. यावर उपाय म्हणजे रस्त्याला काटकोनात बाहेर काढलेली, दोन्ही बाजूंनी रंगविलेली लहान पाटी. दोन फूट रुंदीच्या अशा पाटीवर ‘सलून’ ही तीनच अक्षरे पाच इंच उंचीची लिहिली, तर ती पन्नास फुटांवरून वाचता येतात. पन्नास फूट चालावयास बारा सेकंद लागतात. वाटसरूला विचार करण्यास मिळालेला वेळ अडीचावरून बारा सेकंदांवर गेला, तो केवळ पाटीची दिशा बदलल्यामुळे. ही पाटी डोक्याला लागणार नाही इतकी, म्हणजे निदान आठ फूट, उंच असावी. आणि ती लावण्यापूर्वी नगरपालिकेची परवानगी घ्यावी.

युरोपातील न्हाव्यांच्या दाराशी तांबड्यापांढऱ्या पट्ट्यांचा खांब असे, त्याचे मर्मही हेच आहे. तेथे एके काळी न्हावी रक्तमोक्षणाचे कामही करीत. पट्ट्यांचा संबंध त्या रक्ताशी आणि पांढऱ्या पट्टीशी लावला जातो. इंग्लंडमध्ये शस्त्रवैद्य १७४५ साली न्हाव्यांपासून वेगळे झाले, तरी खांब न्हाव्याकडेच राहिला. कारण तो रस्त्याच्या दोन्ही टोकांकडून सारखाच दिसतो आणि वाचावा लागत नाही. त्या खांबाची नक्कल करण्याचे मात्र आपल्याकडे कारण नाही. एक मोठी कात्री आणि कंगवा ते काम उत्तम करतात.

पाटीच्या भाषेचाही येथे उल्लेख केला पाहिजे. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीपासून लहान दुकानांनाही देवनागरी लिपीतील मराठी नाव प्रथम, आणि इतर भाषांतील अक्षरांपेक्षा लहान नाही असे, लिहावे लागते. कर्नाटकात २०२४ च्या दुरुस्तीने पाटीचा साठ टक्के भाग कन्नडसाठी राखलेला आहे. म्हणून दुसऱ्या राज्यात दुकान थाटणाऱ्याने पाटी रंगवून घेण्यापूर्वी तेथील नियम पाहावा. नाहीतर तीच पाटी दोनदा रंगवावी लागेल.

आता काचेकडे वळू. ‘आत कोण बसते?’ या दुसऱ्या शंकेचे उत्तर काचेने द्यावयाचे असते, आणि दिवसा ती बहुधा देत नाही. याचे कारण साध्या गणिताने कळते. साधी काच तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचा सुमारे आठ टक्के भाग परत फेकते. दुपारी सावलीतल्या रस्त्यावरही दहा हजार लक्स प्रकाश सहज असतो, तर दुकानात दिव्यांचा चारशे. दहा हजारांचे आठ टक्के म्हणजे आठशे. अर्थात काचेतून येणाऱ्या आतल्या दृश्यापेक्षा काचेवर उमटणारे रस्त्याचे प्रतिबिंबच दुप्पट उजळ ठरते. वाटसरू आत पाहू जातो, आणि त्याला स्वतःचा चेहरा व मागची सायकल दिसते. आपल्या उदाहरणातील दुकान पश्चिमाभिमुख. तेथे दुपारनंतर ही अडचण अधिकच वाढते.

यावर इलाज तीन आहेत. दुकानापुढे खोल छज्जा किंवा कापडी छत काढावे. त्यामुळे आकाशाचे प्रतिबिंब तुटते आणि काचेजवळ उभे राहणाऱ्यावर सावली पडते. काच नव्याने बसवावयाची असल्यास तिची वरची कड रस्त्याच्या बाजूस किंचित कलती ठेवावी. मग तिच्यात आकाशाऐवजी सावलीतली जमीन उमटते. तिसरा इलाज सर्वांत स्वस्त: दुकानाची मागची भिंत फिकट रंगाची करून दिव्यांचा झोत जमिनीवर न टाकता त्या भिंतीवर टाकावा. भिंत उजळली की दुकानाची खोली बाहेरून जाणवू लागते. गुण आला की नाही हे पाहण्यासाठी भर दुपारी रस्त्याच्या पलीकडे उभे राहावे. खुर्ची दिसली, तर काम झाले. आपणच दिसलो, तर राहिले.

मात्र सारेच दाखवून चालत नाही. तोंडाला फेस लावून किंवा केसांना रंग चोपडून बसलेल्या माणसाला रस्त्यावरच्या नजरा नको असतात, आणि स्त्रियांच्या बाबतीत हा संकोच अधिकच असतो. म्हणून पुष्कळ दुकानदार सगळी काच चित्रांनी झाकून टाकतात. आतल्यांची सोय होते, पण बाहेरचा दुरावतो. बंद काचेआड काय आहे ते न कळल्यामुळे एकटी स्त्री तर पायरीही चढत नाही. यातला मध्यम मार्ग असा: फूटपाथपासून मोजून, बसलेल्या माणसाचा चेहरा जेथे येतो तेवढाच सुमारे दीड फुटाचा पट्टा दुधी करावा. त्याच्या वरून उभा कारागीर, आरसे आणि दिवे दिसतात. खालून स्वच्छ फरशी दिसते. मोजमाप दुकानाच्या फरशीपासून करू नये, कारण ती पुष्कळदा एकदोन पायऱ्या उंच असते आणि सगळा हिशेब चुकतो. स्त्रियांच्या दालनात खुर्च्या आड न्याव्यात, पण स्वागताची जागा आणि तेथे बसलेली बाई रस्त्यावरून दिसू द्यावी. वाट पाहणाऱ्यांचे बाकडे काचेसमोर रस्त्याकडे तोंड करून ठेवू नये. चार जण टक लावून पाहत असता कोणीही नवखा बिचकतो.

काचेच्या आत काय मांडावे? पश्चिमेच्या उन्हात चित्रांचे आणि डब्यांचे रंग थोड्याच महिन्यांत विटतात, आणि विटलेले चित्र दुकान मंदावल्याची साक्ष देते. तेथे मोजक्याच, वरचेवर बदलता येतील अशा वस्तू असाव्यात. परदेशी चेहऱ्यांऐवजी त्याच पेठेतील माणसांचे, त्यांच्या संमतीने काढलेले, केस कापण्यापूर्वीचे आणि नंतरचे असे दोन फोटो अधिक बोलतात. सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे दरपत्रक. ते आरशाजवळ टांगून उपयोग नाही. दाराशेजारी, बाहेरून, डोळ्यांच्या उंचीवर वाचता येईल असे असावे, आणि त्यात केस कापणे, दाढी, केस रंगविणे अशा पाचसहा नेहमीच्या कामांचे दर असावेत. ‘अमुक रुपयांपासून पुढे’ असे लिहिल्याने शंका फिटत नाही, वाढते. दर जास्त असले तरी ते लिहावेत. ज्याला परवडत नाही तो अपमान न होता पुढे जातो, आणि ज्याला परवडते तो निःशंकपणे आत येतो.

हे बदल एकदम न करता एकेक करावेत, म्हणजे कोणत्या खर्चाचे चीज झाले ते कळते. आधी दरपत्रक बाहेर आणावे, मग काच मोकळी करावी, मग आडवी पाटी लावावी. प्रत्येक वेळी ठरावीक तासात किती माणसे समोरून गेली, किती थांबली आणि किती आत आली, हे वहीत टिपावे. तुलना त्याच वाराची त्याच वाराशी करावी. कारण पुष्कळ घरांतून मंगळवारी, शनिवारी आणि अमावास्येला केस कापीत नाहीत, आणि काही जण श्रावणभर दाढीही करीत नाहीत. थांबणारे वाढले पण शिरणारे वाढले नाहीत, तर पाटी बरी आहे आणि अडचण काचेत, दरात किंवा पायरीशी आहे, असे समजावे. थांबणारेच नसतील, तर पाटीकडे परत जावे. आणि शिरणारे वाढूनही तीच माणसे महिन्याभराने परतत नसतील, तर दर्शनी भागावर आणखी पैसा घालू नये. दोष तेव्हा आतल्या खुर्चीपाशी शोधावा.